गठ्ठा सुटण्याआधी

‘‘काका, तुमच्या छापखान्यात कधी कोणी पैसे बुडवून पळालं होतं का हो?’’

२०२४ सालच्या नवरात्रातली एक संध्याकाळ. वरच्या मजल्यावरची सई दारात उभी होती. सई हे तिचे खरे नाव नव्हे. पण गोष्ट सांगायची तर नाव हवे, म्हणून आपण तिला सई म्हणू. उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी, एरवी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरणारी ही मुलगी त्या दिवशी चौकटीला टेकून उभी होती आणि प्रश्न विचारताना माझ्याकडे बघत नव्हती. प्रश्न माझ्या छापखान्याचा नाही, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती.

मी पुण्यात अठ्ठावीस वर्षे छपाईचा धंदा केला. खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत सगळे पाहिले आणि मग मशीन विकून मोकळा झालो. तेव्हा पैसे बुडवणाऱ्यांच्या गोष्टी माझ्याकडे भरपूर होत्या. पण आधी तिची ऐकली.

ऑगस्टमध्ये तिला एका गृहस्थाचा फोन आला होता. तिने इन्स्टाग्रामवर टाकलेली चित्रे त्याने पाहिली होती. घरगुती मसाल्यांचा धंदा सुरू करतो आहे, दसऱ्याला माल बाजारात आणायचा आहे, सहा मसाल्यांची लेबले आणि धंद्याचे चिन्ह करून द्याल का, असे त्याने विचारले. लेबलाचे दीड हजार, चिन्हाचे तीन हजार, मिळून बारा हजार रुपये ठरले. ठरले म्हणजे फोनवर ठरले. पैशांचा विषय सईने एकदाच, तोही चाचरत काढला. ‘‘अहो मॅडम, आधी काम तर बघू द्या. पैशांची काळजी कशाला करता? आता घरचंच काम समजा,’’ असे उत्तर आले. एकोणीस वर्षांच्या मुलीला कोणी पहिल्यांदा ‘मॅडम’ म्हटले की पुढचा प्रश्न घशातच राहतो.

पुढचा सव्वा महिना ती या सहा लेबलांवर राबली. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मिरची पूड, हळद, धने-जिरे पूड आणि गरम मसाला. गणपतीतही ती संगणकापुढे होती, हे मला आठवत होते. आरतीला बोलवायला गेले की ‘आलेच’ म्हणायची आणि येतच नसे. लाल रंग अजून झगझगीत हवा, मग इतका नको, मग चिन्हात खलबत्ता हवा, मग खलबत्ता जुनाट वाटतो, अशा अकरा वेळा दुरुस्त्या झाल्या. रंग कागदावर कसा उमटतो ते पाहण्यासाठी तिने पदरचे आठशे चाळीस रुपये घालून नमुन्याच्या प्रती काढल्या. हे सगळे तिने एका वहीत लिहून ठेवले होते. त्रेसष्ट तास.

२० सप्टेंबरला, शुक्रवारी रात्री साडेअकरा वाजता त्याचा निरोप आला. प्रेसवाला थांबला आहे, आज रात्री फाइल मिळाली नाही तर नंबर जाईल आणि दसरा चुकेल. छपाईच्या फाइलबरोबर ओपन फाइलही पाठवा, म्हणजे काही बारीकसारीक बदल असला तर तुम्हाला त्रास नको. सईने दहा मिनिटांत सगळे पाठवून दिले. ‘‘खूप सुंदर! उद्या सकाळी पैसे पाठवतो,’’ असे उत्तर आले. सकाळी बँकेचा सर्व्हर बंद होता. सोमवारी तो गावाला गेला होता. बुधवारपासून तिने पाठवलेल्या निरोपापुढे एकच खूण उमटू लागली, त्या नावापुढचे चित्र नाहीसे झाले आणि फोन लागेनासा झाला.

‘‘पत्ता काय त्याचा?’’ मी विचारले.

‘‘चाकणच्या बाजूला युनिट आहे म्हणाले होते.’’

‘‘पूर्ण नाव?’’

ती गप्प बसली. एक पाळण्यातले नाव, एक मोबाइल नंबर आणि एक मसाल्याचे नाव, ज्याची अक्षरे तिने स्वतःच रेखाटली होती, एवढेच तिच्यापाशी होते.

बारा हजार म्हणजे फार मोठी रक्कम नाही, असे कोणी म्हणेल. पण सईची आई घरी ब्लाउज शिवते आणि संगणकाचा महिन्याचा दोन हजार नऊशेचा हप्ता ‘मी भरीन’ असे सईने तिला सांगितले होते. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. ‘‘काका, मला वाटतं माझं कामच चांगलं झालं नसणार,’’ ती म्हणाली. ‘‘नाहीतर कोणी असं का करेल?’’ फसवलेला माणूस चिडतो, हे मला माहीत होते. तो स्वतःच्या हातांवरच शंका घेऊ लागतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

मी तिला लेबल दाखवायला सांगितले. तिने फोन पुढे केला. काम चांगलेच होते. पण माझी जुनी सवय अशी की चित्राआधी नजर बारीक मजकुरावर जाते. पाकिटाच्या मागच्या बाजूला घटक पदार्थ होते, वजन होते, शाकाहाराचा हिरवा ठिपका होता आणि त्याखाली ‘उत्पादक’ या शब्दापुढे फुल्या मारलेल्या होत्या. परवाना क्रमांकाच्या जागीही फुल्याच.

‘‘हे काय?’’

‘‘ते म्हणाले, पत्ता आणि नंबर नंतर टाकू.’’

खाण्याचा पदार्थ बंद पाकिटात विकायचा तर त्यावर बनवणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता छापावा लागतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक छापावा लागतो. तक्रार कोणाकडे करायची तेही लिहावे लागते. म्हणजे सई जी वस्तू बनवत होती, त्या वस्तूतच गिऱ्हाईक कोण आणि कुठला, याची जागा आखलेली होती. ती जागा सव्वा महिना रिकामी राहिली. रंग अकरा वेळा बदलला, पण पत्ता एकदाही आला नाही. धोक्याची खूण दुसरीकडे कुठे शोधायची गरजच नव्हती. ती लेबलावर होती. तो क्रमांक पहिल्या दिवशी मागितला असता, तर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो कोणाच्या नावाचा आहे, हे पाचेक मिनिटांत पाहता आले असते. आणि क्रमांक अजून मिळालेलाच नसेल, तर दसऱ्याची घाई खरी कशी, हे तरी विचारता आले असते.

हे झाल्यावर मी तिला माझ्या छापखान्याची गोष्ट सांगितली. आमच्याकडे लग्नपत्रिका छापायला माणूस आला की आधी निम्मे पैसे जमा करायचा. कारण कागद आणि पाकिटे आम्हाला रोखीने आणावी लागत. मग मजकूर जुळवून प्रूफ काढायचे. प्रूफ साध्या, पिवळट कागदावर असे. ते वाचायला उत्तम, पण कोणाला वाटायला निरुपयोगी. त्यावर गिऱ्हाइकाने चुका काढायच्या आणि शेवटी ‘छापण्यास हरकत नाही’ असे लिहून सही करायची. त्यानंतर कोणी म्हणाले की वरमाईचे नाव चुकले, तर आम्ही सहीचा कागद पुढे करायचो. आणि छापून झाल्यावर पत्रिकांचा गठ्ठा सुतळीने बांधून गल्ल्याखाली ठेवायचो. बाकी आली की गठ्ठा सुटायचा. यात कोणी कोणाचा अपमान करत नव्हते. गिऱ्हाईक येतानाच बाकीचे पैसे खिशात घालून येई. एकदाच एका चांगल्या ओळखीच्या गृहस्थांना मी गठ्ठा आधी दिला. त्यांच्या मुलीला आता नातवंडे झाली असतील. माझ्या उधारीच्या वहीत ते नाव अजून आहे.

‘‘पण काका, तुमच्याकडे गठ्ठा होता. माझी तर नुसती फाइल,’’ सई म्हणाली.

मला वाटते, सगळी गोम याच वाक्यात आहे. गठ्ठ्याला वजन असते. तो उचलून देताना हाताला कळते की आपण काहीतरी देतो आहोत. फाइलला वजन नाही. रात्री साडेअकराला अंगठ्याने एक खूण दाबली की माल गेला, आणि माल गेला हे त्या क्षणी मुलीला कळलेही नाही. तिच्या लेखी ते कामाचे पुढचे पाऊल होते. त्याच्या लेखी तो व्यवहाराचा शेवट होता. ओपन फाइल म्हणजे तर आमच्या भाषेत नुसता गठ्ठा नव्हे; जुळवलेले खिळे, ब्लॉक आणि शाईचा डबा, सगळेच. ती ज्याच्याकडे आहे त्याला पुढच्या वर्षी नवा मसाला काढायचा असला तरी सईची गरज नाही.

तो माणूस मुळात लबाड होता की नाही, हे मी ठामपणे सांगणार नाही. धंद्यातला माझा अनुभव असा, की ठरवून बुडवणारे थोडे असतात. पैसे कमी पडले म्हणून बुडवणारे पुष्कळ. नवा धंदा काढणाऱ्याचा अंदाज चुकतो. मिरची महाग होते, पाउचवाला आगाऊ मागतो, प्रेसवाला माल अडवून धरतो. खिशात आहेत त्यापेक्षा देणी जास्त झाली की माणूस कोणाचे आधी देतो? ज्याच्या हातात अजून काही अडकलेले आहे त्याचे. मिरचीवाल्याचे दिले नाहीत तर पुढचे पोते येत नाही. प्रेसवाल्याचे दिले नाहीत तर लेबले सुटत नाहीत. ज्याने सगळे आधीच देऊन टाकले, त्याचा नंबर शेवटी लागतो आणि तोवर खिसा रिकामा झालेला असतो. मग फोन उचलायची लाज वाटते, आणि लाज वाटू लागली की माणूस नंबर बदलतो. सईचे काम वाईट होते म्हणून पैसे राहिले नाहीत; तिच्या हातात काही उरले नव्हते म्हणून राहिले.

दिवाळीच्या आधी ती पुन्हा आली. या वेळी हातात शंभर ग्रॅमचे एक पाकीट होते. कांदा-लसूण मसाला. उपनगरातल्या एका दुकानात तिला तिचीच लेबले फळीवर रांगेने मांडलेली दिसली होती. ‘‘आधी इतका आनंद झाला, काका,’’ ती म्हणाली, ‘‘आणि मग दुकानातच रडू आलं.’’ तिने पंचेचाळीस रुपये देऊन आपलेच काम विकत आणले होते. पाकीट उलटे केले. फुल्यांच्या जागी आता नाव, पत्ता आणि चौदा आकडे होते. कायद्यापुढे त्यालाही ते छापणे भाग पडले होते.

आम्ही दोघांनी बसून पत्र तयार केले. काय काम ठरले, कोणत्या तारखेला दिले, किती पैसे येणे आहेत, पंधरा दिवसांत द्यावेत. सोबत निरोपांच्या छापील प्रती जोडल्या आणि रजिस्टर पोस्टाने, पोचपावती लावून पाठवले. माझ्या ओळखीच्या एका वकिलांनाही विचारले. त्यांनी सांगितले ते असे : तोंडी ठरलेला करारही आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करारच असतो, तो लेखी नाही म्हणून आपोआप रद्द होत नाही. प्रश्न पुराव्याचा असतो, आणि ‘खूप सुंदर, उद्या पैसे पाठवतो’ हा निरोप म्हणजे काम मिळाल्याची आणि पैसे देणे असल्याची कबुलीच आहे. अशा येण्यासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ‘‘पण बारा हजारांसाठी किती फेऱ्या घालायच्या, हे मात्र मुलीने ठरवावं,’’ असेही ते म्हणाले. तीन आठवड्यांनी पाकीट परत आले. वर शेरा होता : पत्त्यावर राहत नाही. हंगामापुरती घेतलेली शेड असावी. सईने ते पाकीट तसेच, न फोडता कपाटात ठेवले आहे.

पैसे आजपर्यंत मिळालेले नाहीत. तेव्हा गोष्टीचा हा भाग इथेच संपतो.

दुसरा भाग सुरू झाला तो तिच्या आईच्या एका वाक्याने. आई फारशी बोलणारी नाही. हातातल्या ब्लाउजला हुक लावता लावता म्हणाली, ‘‘मी मापं घेते, एकदा घालून बघायला देते, सैल-घट्ट करून देते. पण पैसे हातात आल्याशिवाय ब्लाउज घरी नेऊ देते का कधी? घालून बघणं वेगळं आणि घेऊन जाणं वेगळं.’’ सईने ते वाक्य वहीत लिहिले. तिच्या पुढच्या कामाची सगळी व्यवस्था त्या एका वाक्यावर उभी आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत कोकणातल्या एका बाईंचा फोन आला. कोकम आगळ, आमसूल, आंबापोळी आणि फणसपोळी यांची चार लेबले आणि एक चिन्ह त्यांना उन्हाळ्याच्या आत हवे होते. या वेळी सईने फोनवर सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘ताई, आपण बोललो ते मी लिहून पाठवते. वाचून ‘मान्य’ असं कळवा, मग सुरू करते.’’

तिने लिहिले ते एक पानभर होते आणि त्यात वकिली भाषा नव्हती. काय करायचे : चार लेबले, त्यांची मापे आणि एक चिन्ह. आधी एकाच लेबलाचे दोन वेगवेगळे नमुने. त्यातला एक पसंत पडला की बाकीची तीन त्याच धर्तीवर. दुरुस्त्या दोन वेळा, त्यापुढच्या प्रत्येक वेळेचे तीनशे रुपये. एकूण दहा हजार : सुरुवातीला चार, नमुना पसंत पडल्यावर तीन, आणि छपाईची फाइल देण्याआधी तीन. ओपन फाइल हवी असल्यास ती सगळी रक्कम पोचल्यावरच. आणि काम सुरू होण्याआधी ताईंनी पाठवायचे ते : पूर्ण नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि लेबलावरचा सगळा मजकूर.

यातली दुरुस्त्यांची अट सईला सर्वांत अवघड वाटत होती, कारण त्यात उद्धटपणा दिसेल अशी तिला भीती होती. प्रत्यक्षात तिचा उपयोग वेगळाच झाला. बदल मोजले जातात म्हटल्यावर ताईंनी घरातल्या सगळ्यांना बसवून एकदाच काय ते ठरवले आणि सात दुरुस्त्या एका कागदावर लिहून पाठवल्या. मागच्या वेळी त्याच सात दुरुस्त्या सात रात्री आल्या असत्या.

तीन हप्त्यांचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. निम्मे आधी, निम्मे नंतर, असे ठेवले असते तर शेवटी पाच हजार अडकण्याची भीती होती. तीन भाग केल्यामुळे कोणत्याही क्षणी सईचे फार तर तीन हजारांचे काम बिनपैशांचे राहते. आणि ही भीती एकाच बाजूला नसते, हे विसरता कामा नये. कोकणातल्या त्या बाईंनी पुण्यातल्या, कधी न पाहिलेल्या मुलीला चार हजार आधीच पाठवायचे. ती गायब झाली तर? म्हणून त्या पानावर सईने स्वतःचेही पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला होता, आणि आठ दिवसांत पहिले नमुने आले नाहीत तर चार हजार परत, असेही. आगाऊ मागणाऱ्याने आपला पत्ता आधी द्यावा, हे तिला कोणी शिकवले नव्हते. फुल्यांनी शिकवले.

मग आले ‘घालून बघणे’. नमुने पाठवताना ती आता छपाईची फाइल पाठवत नाही. दहा सेंटिमीटर रुंदीचे लेबल नीट छापायचे तर चित्रात रुंदीला जवळजवळ बाराशे ठिपके लागतात. सई चारशे ठिपक्यांचे चित्र पाठवते आणि त्यावर तिरके, फिकट अक्षरांत ‘नमुना’ असे लिहिते. फोनच्या पडद्यावर ते स्वच्छ दिसते, रंग कळतात, मजकूर तपासता येतो. छापायला घेतले तर अक्षरांच्या कडा करवतीसारख्या फुटतात. आमचे पिवळट कागदावरचे प्रूफच ते. अर्थात, ही दाराची कडी आहे, कुलूप नव्हे. हात बसलेला माणूस नमुना समोर ठेवून तेच लेबल दोन-चार तासांत पुन्हा काढू शकतो. म्हणून पहिले चार हजार महत्त्वाचे. नमुना चोरीला गेला तरी त्या नमुन्याचे पैसे आलेले असतात.

हक्कांबद्दलही तिने एक ओळ घातली होती : पूर्ण रक्कम मिळाल्यावर या कामाचे हक्क तुमचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे असा हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्रांबद्दल कायद्यात वेगळी तरतूदही आहे, तेव्हा मोघम ठेवण्यापेक्षा लिहिलेले बरे, असे वकिलांनी सुचवले होते. म्हणून ते पान तिने छापून, सही करून ताईंकडे पाठवले आणि त्यांचीही सही घेतली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरी परीक्षा झाली. रात्री दहाला ताईंचा निरोप आला. शब्द जवळजवळ तेच : प्रेसवाले थांबलेत, फाइल लगेच पाठवता का? सई खाली माझ्याकडे आली. तिचा चेहरा उतरला होता. ‘‘काका, या बाई चांगल्या आहेत हो. सात हजार दिलेत त्यांनी वेळेवर. आता तीन हजारांसाठी अडवू?’’

मी काही बोललो नाही. अशा वेळी सल्ला देणारा नंतर नकोसा होतो. तिने स्वतःच लिहिले : ‘‘ताई, फाइल तयार आहे. ठरलेली बाकी जमा झाली की पाच मिनिटांत पाठवते.’’ यात ना राग होता ना आर्जव. आणि मग दोन तास काहीच नाही. ती माझ्या ओट्यावर बसून राहिली. गिऱ्हाईक गेले, अशी तिची खात्री झाली होती.

बाराच्या सुमाराला पैसे पाठवल्याचे चित्र आले. सईने ते पाहिले आणि तरी फाइल पाठवली नाही. आधी स्वतःच्या खात्यात रक्कम आली का ते पाहिले. पैसे पाठवल्याचे चित्र कोणालाही बनवता येते. ती स्वतः तर अर्ध्या तासात बनवील. खात्यात तीन हजार दिसले तेव्हा तिने फाइल सोडली. अक्षरे रेषांमध्ये बदललेली, म्हणजे प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी काना-मात्रा विस्कटू नये. आणि कडेने तीन मिलिमीटर रंग जास्त सोडलेला, म्हणजे कापताना पांढरी रेघ येऊ नये.

दुसऱ्या दिवशी तिने उशीर झाल्याबद्दल दिलगिरी कळवली, तेव्हा ताईंचा फोन आला. घरी पाहुणे होते म्हणून फोन बघायला वेळ झाला, एवढेच कारण होते. ‘‘अगं, त्यात काय एवढं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘आंब्याची पेटी आम्हीही पैसे आल्याशिवाय गाडीत चढवत नाही.’’

सगळेच असे बोलत नाहीत. त्याआधी जानेवारीत एका व्यायामशाळेच्या चालकाने सईचे पान वाचून ‘‘आम्ही काय पळून जाणार आहोत का?’’ असे विचारले आणि काम दुसऱ्याला दिले. ते आठ हजारांचे होते. तो कदाचित प्रामाणिकही असेल. दोन दिवस सई अस्वस्थ होती. अटी घातल्या नसत्या तर काम मिळाले असते, हे खरेच होते. मोठ्या कंपन्या तर नवख्या मुलीला आगाऊ देतच नाहीत. त्या आपली खरेदीची मागणी लेखी पाठवतात आणि महिना-दीड महिन्याने पैसे देतात. तिथे तो लेखी कागद हाच गठ्ठा समजायचा. तेव्हा तिच्या पानाने फसवणूक संपते असे नाही. ते पान मान्य न करणारी माणसे काम सुरू होण्याआधी गळतात, आणि गळून जायचेच असेल तर त्रेसष्ट तासांनंतर गळण्यापेक्षा पहिल्या दिवशी गळलेले बरे, एवढेच.

परवा ती जिना उतरताना दिसली. दोन-दोन पायऱ्या गाळत. तिच्या वर्गातल्या एका मुलाला पहिले काम मिळाले आहे, एका खानावळीचे मेनूकार्ड. ‘‘ओळखीचेच आहेत, लिहून काय घ्यायचं, असं म्हणतोय,’’ ती म्हणाली.

‘‘मग तू काय सांगितलंस?’’

‘‘काही नाही. कपाटातलं ते परत आलेलं पाकीट दाखवायला नेतेय.’’